सही कुणाची आणि कागद कुणी पुढे केला

परभणीहून मनमाडच्या दिशेला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पेडगाव लागतं. या भागात जमिनीचा वाद निघाला की एक शब्द हमखास कानावर येतो : बोगस. खरेदीखत बोगस, फेरफार बोगस, हक्कसोड बोगस, जातीचा दाखलाही बोगस. फिर्याद घेऊन माणूस पोलीस ठाण्यात जातो आणि तिथेही या एका शब्दापुढे कलमांची ठरावीक रांग लागते. दंडसंहितेच्या काळात ती 420, 467, 468, 471 अशी होती. 1 जुलै 2024 नंतर घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, म्हणून आता 318(4), 338, 336(3), 340(2) असे आकडे पडतात. आकडे बदलले, सवय तीच राहिली. माझं म्हणणं असं की या सवयीने ज्याची जमीन जाते त्याचंच सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण या कलमांमागे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळे विचारले नाहीत तर खटला आरोपपत्राच्या टप्प्यावरच ढासळू शकतो.

पेडगाव शिवारातलं एक घर उदाहरणादाखल धरू. हे घर कल्पनेतलं आहे, पण त्यातला एकही प्रकार कल्पनेतला नाही. वडील वारले. मागे आई आणि दोन मुलगे. थोरला गावात शेती करतो, धाकटा पुण्यात कारखान्यात कामाला. जमीन चार एकर. या जमिनीवरून पुढे तीन कागद तयार होतात आणि तिन्हींना गाव बोगसच म्हणणार आहे.

पहिला कागद. थोरल्याने तलाठ्याकडे आपण एकटेच वारस असल्याचं सांगून सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावून घेतलं. नंतर चारही एकर एका तिऱ्हाइताला विकली. खरेदीखतात लिहून दिलं की मिळकत माझ्या एकट्याच्या मालकीची आहे आणि तिच्यावर कुणाचाही हक्क नाही. खाली सही थोरल्याची, अंगठा थोरल्याचा, फोटोही त्याचाच.

यातला मजकूर धादांत खोटा आहे. तरीही कायद्याच्या भाषेत हा ‘खोटा दस्तऐवज’ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात हे स्वच्छ शब्दांत मांडलं. त्या खटल्यात एकाने आपली नसलेली जमीन आपली म्हणून दोन खरेदीखतांनी विकली होती आणि मूळ मालक म्हणवणाऱ्याने फौजदारी केली होती. न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या निकालाचा गाभा असा : दंडसंहितेच्या 464 व्या कलमाने खोट्या दस्तऐवजाचे तीनच प्रकार सांगितले आहेत. कागद दुसऱ्या कुणी, किंवा दुसऱ्याच्या अधिकाराने, केला आहे असं भासवणं हा पहिला. दुसऱ्याने केलेल्या कागदात अधिकार नसताना फेरफार करणं हा दुसरा. आणि ज्याला आपण कशावर सही करतो हे फसवणुकीमुळे, नशेमुळे किंवा मनाच्या अवस्थेमुळे कळत नाही, अशाकडून कागद करून घेणं हा तिसरा. ‘ही जमीन माझी आहे’ असं स्वतःच्या नावाने खोटं लिहून देणं या तिन्हींत बसत नाही. तो कागद सांगतो की मला थोरल्याने लिहिलं, आणि त्याला थोरल्यानेच लिहिलेलं असतं. म्हणजे कायदा इथे मजकुराच्या खरेपणाकडे पाहत नाही. कागद ज्याचा म्हणून समोर येतो त्याचाच तो आहे का, एवढंच तो विचारतो.

याची परिणती धाकट्याला पचणारी नाही. दस्त खोटा नाही म्हटल्यावर बनावटीकरण नाही, आणि बनावटीकरण नाही म्हटल्यावर बनावट दस्तऐवज वापरल्याचा गुन्हाही उरत नाही. फसवणुकीचं कलमही धाकट्याच्या हाती लागत नाही, कारण थोरल्याने खोटं बोलून पैसे काढले ते खरेदीदाराकडून. त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं की अशी विक्री कधीच गुन्हा नसते असं आम्ही म्हणत नाही. फसलेला खरेदीदार फसवणुकीची तक्रार करू शकतो. धाकट्याने मात्र दिवाणी न्यायालयात जायचं, वाटणी मागायची आणि आपल्या हिश्श्यापुरतं ते खरेदीखत आपल्यावर बंधनकारक नाही असं ठरवून घ्यायचं. तलाठ्यापुढच्या खोट्या जबाबाबद्दल वेगळी तक्रार होऊ शकेल, पण तोही थोरल्याने स्वतःच्या नावाने दिलेला आहे, तेव्हा तिथेही बनावटीकरण येत नाही.

हा अन्याय आहे असं वाटणं साहजिक आहे. तरीही मला ही रेषा बरोबर वाटते, आणि त्याचं कारण त्याच बिहारच्या खटल्यात आहे. तिथे विकणारा एकटाच आरोपी नव्हता. खरेदीदार, साक्षीदार, दस्त लिहिणारा आणि मुद्रांक विक्रेता यांनाही आरोपी केलं होतं. मालकीबद्दलचं प्रत्येक खोटं विधान बनावटीकरण धरलं तर हेच सगळीकडे होईल. बोजा असताना ‘निर्वेध’ लिहून देणारा गरजू शेतकरी, आणि शेजारधर्म म्हणून साक्षीदाराच्या जागी सही करणारा माणूस, दोघेही 467 खाली येतील. त्या कलमाची शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत आहे. ती ‘हा माणूस खोटं बोलला’ एवढ्यासाठी ठेवलेली नाही. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा हात चोरण्यासाठी ठेवली आहे. मराठवाड्यात वाटण्या वर्षानुवर्षं तोंडीच चालत आल्या आणि जुन्या नोंदी उर्दूत राहिल्या. अशा ठिकाणी प्रामाणिक माणसाचंही मालकीबद्दलचं विधान चुकीचं निघू शकतं.

आता दुसरा कागद. थोरल्याने आणखी पुढचं पाऊल उचललं असं समजा. या वेळी धाकट्याचंही नाव सातबाऱ्यावर लागलेलं आहे असं धरू, म्हणून त्याचं हक्कसोडपत्र हवं. थोरल्याने एक तोतया उभा केला. दुय्यम निबंधकांपुढे त्याने धाकट्याचं नाव सांगितलं, सही केली, अंगठा दिला. ओळख पटवणारे दोघेजण त्याला धाकटा म्हणून ओळखतो म्हणाले. इथे शंकेला जागा नाही. कागद म्हणतो मला धाकट्याने केलं, आणि धाकटा त्या दिवशी पुण्यात पाळीवर होता. हा खोटा दस्तऐवज आहे. तो धाकट्याची मालमत्ता काढून घेण्याच्या इराद्याने केला म्हणून ते बनावटीकरण आहे, आणि कागद मूल्यवान रोख्याचा असल्यामुळे कलम 338 लागतं. नोंदणी कार्यालयात तोतयेगिरी केल्याबद्दल नोंदणी कायद्याचं कलम 82 वेगळं आहे. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तिसरा कागद आईचा. पीक कर्जाचे कागद आहेत असं सांगून थोरल्याने तिला परभणीला नेलं आणि तिच्या हिश्श्याच्या बक्षीसपत्रावर तिचा अंगठा घेतला. अंगठा खरा, फोटो खरा, बाई खरी. तरीही हा खोटा दस्तऐवज आहे, कारण आपण काय करून देतो आहोत हे तिला फसवणुकीमुळे कळलेलंच नव्हतं. पहिल्या कागदाशेजारी हा ठेवून पाहावा. तिथे सही खरी आणि मजकूर खोटा, म्हणून बनावटीकरण नाही. इथेही अंगठा खराच, पण बनावटीकरण आहे. तज्ज्ञाचा अहवाल दोन्हीकडे ‘ठसा जुळतो’ एवढंच सांगेल. म्हणून केवळ त्या अहवालावर हे प्रकरण बंद करणं चूक आहे. इथे दस्त कुणी वाचून दाखवला, पैसे आले का, बँकेत त्या सुमारास कर्जाचा अर्ज खरोखर होता का, हे विचारायला हवं.

स्वतःची खरी सही असूनही बनावटीकरण होण्याचे आणखी दोन प्रकार दंडसंहितेच्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणांतच आहेत आणि खेड्यात ते दोन्ही घडू शकतात. एक, नावसाधर्म्य. सातबाऱ्यावर जे नाव आहे तेच आपलंही आहे म्हणून दुसऱ्याच माणसाने स्वतःच्या नावाने सही करायची आणि लोकांनी ती त्या खातेदाराची समजावी असा हेतू ठेवायचा. दोन, मागची तारीख. जमीन एकाला विकल्यावर तीच दुसऱ्याला आधीच विकली होती असं दाखवायला जुन्या तारखेचा दस्त करायचा. सही मालकाचीच, पण कागद स्वतःच्या जन्माबद्दल खोटं सांगतो. असा कागद बऱ्याचदा त्याच्या तपशिलावरून पकडता येतो. मुद्रांकावरचा अनुक्रमांक आणि विक्रेत्याच्या नोंदवहीतली तारीख जुळत नाही. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. त्याआधीच्या तारखेच्या वाटणीपत्रात तो दिसला की संपलं. 1995 सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या कागदात कळमनुरीपुढे ‘जिल्हा हिंगोली’ लिहिलेलं असेल तर तो कागद 1995 चा नाही, कारण 1 मे 1999 पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं. ज्या काळात गटवारी झालेली नव्हती त्या काळच्या कागदात गट क्रमांक असेल तर तेच.

उलट बाजूही सांगायला हवी. दुसऱ्याच्या नावाने सही केली की आपोआप गुन्हा झाला असंही नाही. डॉ. विमला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली हे ठरवलं. त्यांनी स्वतःच्या पैशाने आपल्या तान्ह्या मुलीच्या, नलिनीच्या, नावावर ऑस्टिन गाडी घेतली होती आणि विम्याच्या कागदांवर ‘नलिनी’ अशी सही केली होती. विमा कंपनीचे दावेही त्याच नावाने घेतले होते. न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं, कारण त्या सहीने त्यांना जादा काही मिळालं नव्हतं आणि कंपनीचं काही गेलं नव्हतं. कंपनीने खऱ्या नावानेही तेवढेच पैसे दिले असते. फसवून काही मिळवण्याचा किंवा कुणाचं काही घालवण्याचा हेतू नसेल तर नुसती दुसऱ्याची सही पुरेशी होत नाही. बापाच्या सांगण्यावरून मुलाने एखाद्या फॉर्मवर त्याची सही ठोकली तर ते वाईट आहे, पण 467 नव्हे.

इथपर्यंतचा प्रश्न एकच होता : कागद कुणाचा. आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते गावातल्या माणसाला खरा आधार याच प्रश्नात आहे.

दुसऱ्या कागदातला तोतया सापडत नाही, असं समजा. तो बाहेरगावचा होता, पैसे घेऊन गेला. अशा वेळी काय होतं ते शीला सेबॅस्टियन विरुद्ध जवाहरराज या खटल्यात दिसलं. तामिळनाडूतल्या त्या प्रकरणात एका बाईच्या नावाने तोतया उभी करून कुलमुखत्यारपत्र केलं होतं आणि त्याचा लाभ आरोपीला झाला होता. तोतया बाई तपासात कधी हाती लागलीच नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बनावटीकरणाची शिक्षा तो कागद तयार करणाऱ्यालाच होऊ शकते. लाभ झाला एवढ्यावरून कुणी कागदाचा कर्ता ठरत नाही. आरोपी सुटला. तपास ढिसाळ होता हे न्यायालयाने नोंदवलं, पण ढिसाळ तपासाची भरपाई कलम ताणून होत नाही.

आपल्या घरातला थोरला याच वाटेने सुटू शकतो, जर सगळा भर बनावटीकरणावरच ठेवला तर. त्याने तोतयाला आणलं, कट केला, चिथावणी दिली हे पुराव्याने उभं राहत असेल तर ते कलम लावावंच. पण ते साधलं नाही तरी 340(2), म्हणजे जुनं 471, उरतं. हे कलम कागद कुणी केला हे विचारत नाही. त्याला चार गोष्टी लागतात : कागद खरोखर बनावट असावा, आरोपीने तो खरा म्हणून वापरलेला असावा, वापरताना तो बनावट आहे हे त्याला माहीत असावं किंवा तसं मानायला पुरेसं कारण असावं, आणि वापरामागे लबाडी किंवा फसवणुकीचा हेतू असावा. बनावट करणारा अज्ञात राहिला तरी कागद बनावट आहे हे सिद्ध होऊ शकतं. नोंदणी कार्यालयातला अंगठा धाकट्याचा नाही असा अंगुलीमुद्रा तज्ज्ञाचा अहवाल आणि कारखान्याचं त्या दिवसाचं हजेरीपत्रक, एवढ्याने ते होतं. थोरल्याला ते माहीत होतं का, हे सिद्ध करणंही अवघड नाही. दस्त त्याच्याच लाभाचा, तो तिथे हजर, आणि सख्ख्या भावाचा चेहरा त्याला ओळखता येत नव्हता असं कुणी म्हणणार नाही. आणि या गुन्ह्याची शिक्षा कागद स्वतः बनवल्याइतकीच आहे, म्हणजे थोरला कुठल्याही हलक्या कलमाखाली सुटत नाही.

वापर कुठे झाला, हे मात्र दिवस आणि जागेसह सांगावं लागतं, आणि फिर्यादी इथेच कमी पडतात. हक्कसोडपत्राच्या आधारे तलाठ्याकडे फेरफार नोंदवायला दिला तो पहिला वापर. मंडळ अधिकाऱ्यांपुढे हरकत आल्यावर तो पुन्हा दाखवला तो दुसरा. नंतर थोरल्याने स्वतःच्या सहीने चार एकर विकली. ते खरेदीखत, आधी पाहिलं तसं, स्वतः बनावट नाही. पण खरेदीदाराला विश्वास पटावा म्हणून बनावट हक्कसोडपत्र त्याच्या हाती दिलं, तो तिसरा वापर. फिर्यादीत ‘बोगस खरेदीखत केलं’ असं लिहिलं तर बचाव पक्ष मोहम्मद इब्राहिमचा निकाल पुढे करील आणि तो बरोबर असेल. ‘अमुक तारखेचं हक्कसोडपत्र बनावट असून आरोपीने ते अमुक दिवशी फेरफारासाठी आणि अमुक दिवशी विक्रीसाठी खरं म्हणून वापरलं’ असं लिहिलं तर त्या निकालाचा आरोपीला उपयोग उरत नाही.

खरेदीदाराचं काय? त्याने सातबारा पाहिला, नोंदणीकृत हक्कसोड पाहिलं, पैसे मोजले. त्याने तो कागद नंतर बँकेत तारणासाठी ठेवला तरी तो गुन्हेगार नाही, कारण तो बनावट आहे असं मानायला त्याच्याकडे कारणच नव्हतं. पण ही स्थिती कायम राहत नाही. धाकट्याने नोटीस पाठवली, आणि नुसता आरोप नव्हे तर अंगठ्याच्या अहवालाची प्रत जोडली. त्या दिवसापासून खरेदीदाराची बाजू बदलू लागते. नुसती नोटीस आली तर तो भावाभावांचं भांडण समजू शकतो. अहवाल हातात पडल्यावरही त्याने तेच हक्कसोड दाखवून जमीन घाईने तिसऱ्याला विकली, तर ‘मला काय माहीत’ हे उत्तर टिकणं कठीण आहे. आपल्यावर दाव्याची वेळ आली म्हणून आपले कागद न्यायालयात सादर करणं मात्र वेगळं. तिथे बहुतेक वेळा फसवण्याचा हेतू नसतो. एकाच माणसाच्या हातातला एकच कागद सोमवारी निर्दोष आणि पुढच्या महिन्यात गुन्ह्याचं साधन असू शकतो. म्हणून धाकट्याने अहवाल मिळाल्यावर तो पोच घेऊन सगळ्यांपर्यंत, बँकेपर्यंतसुद्धा, पोचवायला हवा. कागद हातात असूनही आपल्याला कळलं नव्हतं, असं नंतर कुणाला म्हणता येऊ नये.

मजकूर खोटा आणि कागद खरा, अशा प्रकारांना कायदा मोकळं सोडतो असा समज होऊ नये. त्यांच्यासाठी वेगळी कलमं आहेत, आणि ती न लावता बनावटीकरण लावणं हीच चूक. जातीच्या दाखल्याचं पाहा. खोटी माहिती देऊन उपविभागीय अधिकाऱ्यांकडून घेतलेला दाखला त्या अधिकाऱ्यानेच दिलेला असतो; सही शिक्का सगळं अस्सल. म्हणून महाराष्ट्राने 2001 पासून लागू केलेल्या जात प्रमाणपत्र कायद्यात, कलम 11 खाली, असा दाखला मिळवणं आणि वापरणं हाच स्वतंत्र गुन्हा केला : किमान सहा महिने आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पण पडताळणी समितीने किंवा तिने नेमलेल्या अधिकाऱ्याने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय त्याची दखल घेत नाही. याउलट शाळेच्या जुन्या निर्गम उताऱ्यात जातीच्या रकान्यात मागाहून शाईने शब्द घातला असेल, तर तो फेरफार आहे आणि तिथे बनावटीकरणाचं कलम सरळ लागतं. दोन्ही गोष्टींना ‘बोगस दाखला’ म्हणून एकाच फिर्यादीत कोंबलं की एकही नीट उभी राहत नाही.

गोव्यातल्या बांदेकर ब्रदर्स विरुद्ध प्रसाद वासुदेव केणी या खटल्यात 2020 साली हाच फरक निर्णायक ठरला. आरोपीने खोट्या डेबिट नोटा दाव्यात दाखल केल्या असा आरोप होता. त्या नोटा दुसऱ्या कुणाच्या नावाने नव्हत्या, ज्याच्या म्हणवल्या जात होत्या त्याच्याच होत्या. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे बनावटीकरण नाही. आरोप खरा असला तर तो न्यायालयापुढे खोटा पुरावा रचल्याचा आहे. त्याचा परिणाम असा, की त्या गुन्ह्याची तक्रार करायची तर ती न्यायालयानेच करावी लागते, दाव्यातल्या विरोधी पक्षकाराने थेट नव्हे. बनावट दस्तऐवजाचं तसं नाही. 2005 सालच्या इक्बाल सिंग मारवा खटल्याने ठरवलं की कागद आधीच बाहेर बनावट करून मग न्यायालयात आणला असेल तर खासगी तक्रारीला अडसर नाही. अडसर फक्त न्यायालयाच्या ताब्यात असताना कागदात फेरफार झाला तर. म्हणजे परभणीच्या दिवाणी न्यायालयात थोरल्याने ते हक्कसोडपत्र दाखल केलं असेल, तर धाकट्याला न्यायाधीशांच्या तक्रारीची वाट पाहत बसायची गरज नाही. पण ‘मी एकटा वारस’ असं थोरल्याने स्वतःच्या सहीने प्रतिज्ञापत्रात लिहिलं असेल, तर धाकट्याला त्याच न्यायालयापुढे अर्ज करून चौकशी मागावी लागेल.